साठ सेकंद थांबा

पान उघडतं. वर फाइलचं नाव, खाली आकार, १.४ जीबी. उजवीकडे झळकणारा रकाना सांगतो की पैसे भरलेत तर पूर्ण वेग मिळेल, प्रतीक्षा नाही, हव्या तितक्या फाइली एकाच वेळी उतरवा. डावीकडे फिकट रंगातलं ‘मोफत डाउनलोड’ आणि त्यावर टिचकी मारली की उलटे मोजत जाणारे आकडे. साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न. मग चित्रांतले सिग्नल ओळखा, मग पुन्हा एक बटण आणि अखेर डाउनलोड सुरू होतं ते सेकंदाला शंभर केबीच्या वेगाने. घरात १०० एमबीपीएसची फायबर जोडणी असली तरी इथे तिचा शंभरावा हिस्साही वापरला जात नाही.

फुकट सेवा द्यायची तर कंपनीला खर्च वाचवावा लागतो, म्हणून वेग कमी ठेवला असेल, असं सर्वसाधारणपणे समजलं जातं. ते बरोबर नाही. १.४ जीबीची फाइल दोन मिनिटांत दिली काय आणि चार तासांत दिली काय, सर्व्हरमधून बाहेर जाणारी माहिती तेवढीच असते. हिशोब मांडून पाहू. एका सर्व्हरला १ जीबीपीएसची वाट आहे असं धरा. सेकंदाला साधारण १,२५,००० केबी. प्रत्येकाला १०० केबी दिले तर एकाच वेळी १२५० जण उतरवू शकतात आणि चार तासांनी १२५० फाइली पूर्ण होतात. आता वेग मोकळा सोडा. प्रत्येक जण सेकंदाला १२ एमबी ओढतो, म्हणजे एका वेळी दहाच जण मावतात. पण प्रत्येकाचं काम दोन मिनिटांत संपतं. चार तासांत दहा-दहा जणांच्या १२० तुकड्या होतात. फाइली पुन्हा बाराशेच्या आसपास. सर्व्हरवरचा भार जवळपास तोच. उलट मंद वेगात हजारो जोडण्या तासन् तास उघड्या ठेवाव्या लागतात, हा त्रास वेगळाच.

मग कंपनीला यातून काय मिळतं? तीन गोष्टी. एक, एक माणूस दिवसभरात किती ओढू शकेल याला वरून झाकण बसतं. सेकंदाला १०० केबीने चोवीस तास अखंड उतरवलं तरी सव्वाआठ जीबीच्या पुढे जाता येत नाही. दोन, कंटाळून निम्म्यात सोडून देणाऱ्यांच्या फाइली पूर्ण पाठवाव्याच लागत नाहीत. तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. ज्याला घाई आहे तो पैसे भरतो. या धंद्यात विकायला ठेवलेली वस्तू म्हणजे साठवणुकीची जागा नव्हे. ती बहुतेक ठिकाणी फुकटच असते. विकला जातो तो उतरवून घेणाऱ्याचा वेळ, आणि तो विकता यावा म्हणून आधी अडवून ठेवावा लागतो. पानावरची प्रत्येक अडचण या एका गोष्टीसाठी रचलेली आहे, हे ध्यानात ठेवलं की तिच्याशी कसं वागायचं तेही कळू लागतं.

या धंद्याचे खरे आकडे एका न्यायालयीन निकालात वाचायला मिळतात. सायांडो या स्वित्झर्लंडमधल्या कंपनीची ‘अपलोडेड’ नावाची सेवा होती. एल्सेव्हियर या प्रकाशनसंस्थेने आपली पुस्तकं तिथे विनापरवाना ठेवली जातात म्हणून तिच्यावर दावा लावला आणि प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत पोहोचलं. २२ जून २०२१च्या निकालात सेवेचं स्वरूप नोंदवलेलं आहे. मोफत उतरवणाऱ्याला संख्येची आणि वेगाची मर्यादा. पैसे भरणाऱ्याला दिवसाला ३० जीबी, वेगाला बंधन नाही, दोन डाउनलोडांच्या मध्ये प्रतीक्षा नाही. दर दोन दिवसांचे ४.९९ युरो, तर दोन वर्षांचे ९९.९९ युरो. आणि फाइल चढवणाऱ्याला, ती लोकांनी उतरवली तर, दर हजार डाउनलोडांमागे ४० युरोपर्यंत मोबदला.

दोन दिवसांचा दर जवळपास पाच युरो आणि दोन वर्षांचा शंभर, या दोन आकड्यांतली तफावत बोलकी आहे. छोटं तिकीट महाग ठेवलंय, कारण एकाच फाइलसाठी अडलेला माणूस तेच घेणार. आणि चढवणाऱ्याला मोबदला का, तर जिच्यासाठी हजारो लोक येतील अशी फाइल कोणीतरी आणून ठेवली पाहिजे. ती फाइल स्वतःची असते का, हा प्रश्न इथूनच सुरू होतो. केवळ असं व्यासपीठ चालवल्याने कंपनी दोषी ठरत नाही, पण तिची पैशाची रचनाच बेकायदा देवाणघेवाणीला उत्तेजन देणारी असेल तर ती गोष्ट तिच्याविरुद्ध धरली जाऊ शकते, असं न्यायालयाने म्हटलं.

आता त्या साठ सेकंदांत पडद्यामागे काय घडतं ते पाहू.

पानावरचे उलटे आकडे ब्राउझरमध्ये चालतात. म्हणून अनेकांना वाटतं की पानाच्या कोडमध्ये थोडी ढवळाढवळ केली की साठाचा शून्य करता येईल. पूर्वी काही कच्च्या साइटींवर ते चालूनही गेलं असेल. पण नीट बांधलेल्या सेवेत तुम्ही ‘मोफत’वर टिचकी मारता त्याच क्षणी सर्व्हर स्वतःकडे वेळ लिहून ठेवतो, त्यासोबत तुमचा आयपी पत्ता आणि फाइलचा क्रमांक. पानावरचा काउंटर फक्त दाखवण्यापुरता असतो. साठ सेकंदांच्या आत अंतिम लिंक मागितलीत तर सर्व्हर आपली नोंद पाहून नकार देतो आणि बऱ्याचदा मोजणी पहिल्यापासून सुरू करतो. म्हणजे घाई केल्याने वेळ वाढतोच.

वेळ पुरी झाल्यावर मिळणारी लिंक ही फाइलचा कायमचा पत्ता नसते. तिच्यात एक लांबलचक अक्षरमाला असते. फाइल, तुमचा आयपी पत्ता आणि मुदत संपण्याची वेळ यांना सर्व्हरच्या गुप्त किल्लीने एकत्र बांधून ती तयार केलेली असते. त्यामुळे ती लिंक मित्राला पाठवली तर त्याच्याकडे चालत नाही, काही तासांनी तुमच्याकडेही चालत नाही, आणि मधल्या वेळात तुमचा आयपी बदलला तर तिथल्या तिथे निकामी होते. ही शेवटची बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

वेग अडवण्याचं काम तर अगदी थोडक्यात होतं. एनजिनएक्स हा फार मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा वेब सर्व्हर. त्यात एवढं लिहिलं की झालं:

```
limit_conn_zone $binary_remote_addr zone=free:10m;

location /free/ {
    limit_conn free 1;
    limit_rate_after 5m;
    limit_rate 100k;
}
```

शेवटची ओळ सेकंदाला १०० केबीचं बंधन घालते. पण हे बंधन एका जोडणीपुरतं असतं. एखाद्याने चार जोडण्या उघडल्या तर त्याला ४०० केबी मिळतील. म्हणून `limit_conn` ची ओळ लागते: एका आयपी पत्त्याला एकच जोडणी. आठ-आठ तुकडे एकदम ओढणारे डाउनलोड मॅनेजर इथे का थिजतात, याचं उत्तर या ओळीत आहे. पहिला तुकडा येत राहतो, बाकी सात तुकड्यांना सर्व्हर ५०३ हा नकाराचा आकडा पाठवतो. साधा मॅनेजर त्यावर पुनःपुन्हा धडका देत बसतो आणि काही सेवा अशा धडका मोजून तुमचा पत्ता तासाभरासाठी बंद करतात. अशा ठिकाणी मॅनेजरमधली जोडण्यांची संख्या स्वतःहून एकावर आणून ठेवावी.

`limit_rate_after` ची ओळ मजकुराने छोटी, पण गोंधळ मोठा करते. पहिले पाच एमबी मोकळ्या वेगाने येतात आणि मग लगाम बसतो. उतरवणाऱ्याला वाटतं, ‘सुरुवातीला छान चाललं होतं, आता आपलंच नेट बिघडलं.’ तो राउटर बंद-चालू करतो आणि मिळालेली लिंक घालवून बसतो.

दोष आपल्या जोडणीचा की पलीकडच्या लगामाचा, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. गर्दीमुळे मंदावलेला वेग हेलकावे खातो: तीस, दोनशे, नव्वद, पुन्हा तीनशे. लगाम लावलेला वेग एका रेषेत असतो. अठ्ठ्याण्णव, शंभर, एकशेएक, शंभर. खात्री करायची तर ते डाउनलोड तसंच चालू ठेवून दुसऱ्या टॅबमध्ये एखादा व्हिडिओ लावा. तो न अडखळता चालला आणि डाउनलोडचा आकडाही हलला नाही, तर तुमच्या नेटचा काही दोष नाही.

आयपी पत्त्यावर सगळी मोजदाद चालते, याचा फटका भारतातल्या वापरकर्त्याला अधिक बसतो. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगभरातच अपुरे पडलेत, म्हणून मोबाईल डेटा देणाऱ्या कंपन्या आणि गावोगावचे अनेक केबल-इंटरनेटवाले शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. सर्व्हरला ते सगळे एकच माणूस दिसतात. तुम्ही आज एकही फाइल उतरवलेली नसते आणि तरी पानावर येतं, ‘तुमच्या आयपीवरून एक डाउनलोड आधीच सुरू आहे’ किंवा ‘पुढील डाउनलोडसाठी ११७ मिनिटं थांबा’. दोन गल्ल्या पलीकडच्या कोणीतरी तुमचा वाटा वापरलेला असतो.

हे तपासता येतं. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘वॅन’ नावाखाली जो पत्ता दिसतो तो पाहा. तो 100.64 पासून 100.127 पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही अशा सामायिक पत्त्यामागे आहात. ही पट्टी जगभर खास त्याच कामासाठी राखून ठेवली आहे. अशा जोडणीत राउटर बंद-चालू करून नवा पत्ता मिळेल याची शाश्वती नाही. रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करणं हा साधा उपाय त्यातल्या त्यात चालतो. फुकट व्हीपीएनने सहसा काम होत नाही, कारण तिथे एका पत्त्यामागे आणखी जास्त माणसं असतात आणि त्यांतले बरेच जण हाच खटाटोप करत असतात.

आता एक प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत नेऊ. तालुक्याच्या गावी मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. सात-आठ वर्षांपूर्वीचा एक फोन आलाय, कंपनीच्या लोगोवरच अडकतो. कारागीर म्हणतो, ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल.’ म्हणजे त्या मॉडेलची मूळ फर्मवेअर फाइल मिळवून फोनमध्ये भरावी लागेल. पहिला शोध कंपनीच्या स्वतःच्या साइटवर घ्यायचा. काही कंपन्या जुनी फर्मवेअर ठेवतात आणि तिथे वेगाला लगाम नसतो. इथे ती मिळाली नाही. फक्त एका फुकट होस्टवर आहे, १.४ जीबीची झिप फाइल, प्रतीक्षा साठ सेकंद, वेग १०० केबी, एका वेळी एकच जोडणी, दोन डाउनलोडांच्या मध्ये दोन तास.

१.४ जीबी म्हणजे सुमारे १४,६८,००० केबी. भागिले शंभर, १४,६८० सेकंद, म्हणजे चार तास आणि वर पाचेक मिनिटं. दुकान सकाळी दहाला उघडलं तर दुपारी दोनपर्यंत जोडणी अखंड राहिली पाहिजे. म्हणून पहिलं काम पंचांग नव्हे, विजेचं वेळापत्रक पाहण्याचं. गावात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार असेल तर त्या दिवशी हे काम हाती घेऊ नये. संगणकाला बॅटरी असून उपयोग नाही. राउटर बंद पडला की तो परत चालू होताना पत्ता बदलू शकतो आणि मग हातातली लिंक गेली. राउटर इन्व्हर्टरवर हवा. संगणक ठरावीक वेळाने झोपी जाण्याची सेटिंग बंद करायला हवी. तासाभरात पडदा काळा पडतो आणि त्यासोबत डाउनलोडही थांबतं, ही नेहमीची तक्रार आहे.

दुसरा प्रश्न, तुटलेलं डाउनलोड पुढे चालू करता येतं का. वेबच्या नियमांत त्याची सोय आहे. ब्राउझर म्हणू शकतो की मला पहिले ९०० एमबी नकोत, तिथून पुढचं दे, आणि सर्व्हर २०६ हा आकडा देऊन तेवढाच भाग पाठवतो. मात्र ही सोय चालू ठेवायची की नाही ते सर्व्हरच्या मालकाच्या हाती आहे आणि अनेक होस्ट ती फक्त पैसे भरणाऱ्यांना देतात. ते ओळखायचं तर डाउनलोड सुरू होऊन मिनिटभर झाल्यावर एकदा थांबवून पुन्हा चालू करावं. आकडा होता तिथून पुढे गेला तर ठीक. शून्यावर आला किंवा चूक दाखवली तर समजावं की या होस्टवर तुटलेलं परत जोडता येणार नाही. या चाचणीत लिंक गेली तर दोन तास थांबावं लागेल हे खरं, पण तिसऱ्या तासाला १ जीबी उतरल्यावर हे कळण्यापेक्षा ते बरं.

जोडता येत नसेल, आणि तीच फाइल कोणी लहान तुकड्यांत चढवलेली असेल, तर ते तुकडे शोधावेत. १८० एमबीचे आठ तुकडे धरले तर प्रत्येकाला एकतीस मिनिटं लागतात आणि मध्ये दोन-दोन तासांचे सात खंड. एकूण अठरा तास. कागदावर हा सौदा तोट्याचा दिसतो. पण वीज किंवा नेट गेलं तर अर्ध्या तासाचंच काम वाया जातं, चार तासांचं नाही. ज्या गावात दिवसाकाठी दोनदा नेट तुटतं तिथे अखंड चार तास मिळवणं अवघड आणि अठरा तासांत तुकडे गोळा करणं शक्य. निवड जोडणीच्या भरवशावर करायची.

हे सगळे खंड मोजत संगणकासमोर बसायची गरज नसते. जेडाउनलोडर नावाचा जर्मनीत तयार झालेला एक मोफत प्रोग्रॅम वर्षानुवर्षं हेच काम करतो. आठही लिंका त्याला दिल्या की तो एक उतरवतो, दोन तास थांबतो, पुढची प्रतीक्षा मोजतो आणि चित्र ओळखण्याची वेळ आली की तुम्हाला हाक मारतो. तो वेग वाढवत नाही आणि रांग टाळत नाही. तुमच्या जागी रांगेत उभा राहतो, इतकंच. मला या प्रोग्रॅमचा हाच गुण मोलाचा वाटतो, कारण इंटरनेटवर ‘लगाम काढून देतो’ म्हणणाऱ्या साइटी भरपूर आहेत. त्यांतल्या बऱ्याच कुणाच्या तरी प्रीमियम खात्याचा पासवर्ड वापरून तुम्हाला फाइल आणून देतात. ती फाइल त्यांच्या सर्व्हरवरून तुमच्याकडे येते, वाटेत तिच्यात काय मिसळलं ते तुम्हाला कळत नाही. फोनच्या फर्मवेअरसारख्या, यंत्राच्या मुळाशी जाणाऱ्या फाइलच्या बाबतीत हा धोका पत्करू नये.

खोट्या बटणांचंही इथेच सांगतो. मोफत पानावर जाहिरातदार मुद्दाम मोठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण ठेवतात. खऱ्या बटणाची ओळख अशी की ते मोजणी संपेपर्यंत दाबलं जात नाही, आणि त्यावर माउस नेला तर खाली दिसणारा पत्ता त्याच होस्टच्या नावाचा असतो. तुम्हाला १.४ जीबीची `.zip` हवी होती आणि दोन एमबीची `.exe` उतरली, तर ती उघडू नका, पुसून टाका. पानाने ‘सूचना पाठवण्याची परवानगी द्या’ म्हटलं तर नाही म्हणा. फाइल मिळण्याशी त्या परवानगीचा काही संबंध नसतो. ती दिली की पुढचे कित्येक दिवस पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला’ अशा जाहिराती येत राहतात.

दुपारचे दोन वाजून गेले, डाउनलोड पूर्ण झालं असं ब्राउझर म्हणतो. अजून विश्वास ठेवायचा नाही. आधी आकार पाहायचा. १.४ जीबीऐवजी ३८ केबी दिसले तर ती फर्मवेअर नव्हे, नाव झिपचं असलेलं एक वेबपान आहे. नोटपॅडमध्ये उघडलं की पहिल्याच ओळीत `<!DOCTYPE html>` दिसेल आणि खाली कुठेतरी ‘लिंकची मुदत संपली’ असा मजकूर. सर्व्हरने फाइलऐवजी नकाराचं पान पाठवलं आणि ब्राउझरने ते मुकाट्याने त्या नावाने जतन केलं.

आकार जवळपास बरोबर असला तरी शेवटचा भाग राहिलेला असू शकतो. झिप फाइलची अनुक्रमणिका तिच्या अगदी शेवटी असते. त्यामुळे ९९ टक्के उतरलेली झिपही ‘ही फाइल वैध नाही’ म्हणून उघडायला नकार देते आणि कारागिराला वाटतं, सगळीच खराब आली. रारची रचना वेगळी आहे. तिच्यात प्रत्येक फाइलची माहिती त्या-त्या फाइलच्या आधी असते. अर्धवट रारमधून सुरुवातीच्या फाइली बाहेर काढता येतात आणि मग ‘अनपेक्षित शेवट’ अशी चूक येते. चुकीचा हा मजकूर वाचला तरी कळतं की फाइल मधे बिघडलेली नाही, शेवटी तुटलेली आहे.

पक्की खात्री एकाच गोष्टीने होते. फाइल चढवणाऱ्याने तिचा ठसा, म्हणजे चौसष्ट अक्षरांची एसएचए-२५६ची ओळ, दिलेली असेल तर विंडोजच्या कमांड खिडकीत हे लिहावं:

```
certutil -hashfile firmware.zip SHA256
```

उत्तरात येणारी ओळ आणि दिलेली ओळ तंतोतंत जुळली तर प्रत्येक अक्षर जागच्या जागी आलं आहे. एकही अक्षर वेगळं असेल तर ती फाइल फोनमध्ये भरायची नाही. लोगोवर अडकलेला फोन निदान चालू तरी होतो; अर्धवट फर्मवेअर भरलेला फोन कधीकधी तेवढंही करत नाही. एक मर्यादा मात्र ओळखून असावं. ठसा जुळला म्हणजे चढवलेली फाइल जशीच्या तशी आली, एवढंच सिद्ध होतं. चढवणाऱ्यानेच तिच्यात काही घुसवलं असेल तर ते यातून कळत नाही. म्हणून ठसा होस्टच्या पानावरून न घेता शक्य तर दुसऱ्या, भरवशाच्या जागेवरून घ्यावा.

लगामाचा वापर दर वेळी पैसे वसूल करण्यासाठीच झाला असं मात्र नाही. जानेवारी २०१२मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने मेगाअपलोड ही त्या वेळची अवाढव्य सेवा बंद पाडली आणि तिचा संस्थापक किम डॉटकॉम याला न्यूझीलंडमध्ये अटक झाली. आरोपपत्रात नोंदणीकृत वापरकर्त्यांची संख्या १५ कोटींहून अधिक सांगितली होती. एवढ्या लोकांनी दुसरीकडे धाव घेतली. स्वित्झर्लंडमधल्या रॅपिडशेअर या सेवेवर फुकट्या गर्दीचा लोंढा आला. पुढच्याच महिन्यात रॅपिडशेअरने मोफत वापरकर्त्यांचा वेग सेकंदाला ३० केबीवर आणला आणि उघडपणे सांगितलं की चोरीच्या फाइलींसाठी येणाऱ्यांनी इथे येऊच नये म्हणून हे केलं आहे. आपल्या फोनची १.४ जीबीची फाइल त्या वेगाने उतरवायला साडेतेरा तास लागले असते. ज्या साधनाने ग्राहक पैशाकडे ढकलला जात होता त्याच साधनाने त्याला दाराबाहेर ढकललं गेलं.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने आणखी मोठा बदल केला. मोजमाप चढवणाऱ्याकडे नेलं. फुकट खात्याच्या फाइली मिळून दिवसाला १ जीबी बाहेर जाऊ शकतील, पैसे भरलेल्या खात्याच्या ३० जीबी. म्हणजे एखादी फाइल हजार लोकांना वाटायची असेल तर किंमत वाटणाऱ्याने मोजायची. स्वतःच्या लग्नाचे फोटो नातेवाइकांना पाठवणाऱ्याला ही मर्यादा जाणवत नाही. हजारोंना सिनेमा वाटणाऱ्याला सकाळीच जाणवते. मला ही पद्धत अधिक न्याय्य वाटते, कारण अडवणूक त्या माणसाची होते ज्याच्या हाती निवड आहे. धंदा म्हणून मात्र ती तगली नाही. गर्दी ओसरली आणि ३१ मार्च २०१५ रोजी रॅपिडशेअर बंद झालं, खात्यांतल्या फाइलींसह. आपापल्या फाइली त्याआधी काढून घ्या, अशी सूचना लोकांना मिळाली होती. मेगाअपलोडच्या ग्राहकांना तीही मिळाली नव्हती. ओहायो राज्यात शालेय खेळांची चित्रफीत बनवणाऱ्या एका व्यावसायिकाची हार्ड डिस्क त्याच सुमारास बिघडली होती आणि दुसरी प्रत मेगाअपलोडवर अडकली. स्वतःच्याच कामासाठी त्याला न्यायालयात जावं लागलं.

आज गूगल ड्राइव्हसारख्या जागा हाच दुसरा मार्ग चालवतात. जागेचे पैसे ठेवणारा भरतो, उतरवणाऱ्याला प्रतीक्षा नसते. पण एखादी सार्वजनिक फाइल फारच लोकांनी उतरवली की तिथेही ‘या फाइलची डाउनलोड मर्यादा संपली, नंतर प्रयत्न करा’ असं पान येतं, आणि ती मर्यादा सगळ्यांना मिळून एकच असते. म्हणून आपल्याला एखादी मोठी फाइल लोकांसाठी ठेवायची असेल, ती नाटकाचं चित्रण असो, गावच्या जुन्या दप्तरांची स्कॅन केलेली पानं असोत किंवा फर्मवेअर असो, तर ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि दोन्ही लिंका द्याव्यात. शंभर-दोनशे एमबीचे तुकडे करावेत. शेजारी एका साध्या मजकूर-फाइलीत प्रत्येक तुकड्याचं नाव, त्याचा आकार बाइटमध्ये आणि एसएचए-२५६चा ठसा लिहावा. फुकट होस्टवरच्या बऱ्याच फाइली महिनाभर कोणी उतरवल्या नाहीत की आपोआप पुसल्या जातात. तेव्हा मूळ प्रत स्वतःच्या डिस्कवर ठेवावी, आणि कोणी ‘लिंक मेली’ असं कळवू शकेल असा एक ईमेल पत्ता त्याच मजकूर-फाइलीत द्यावा.